फोटोवरून लाइव्हसाठी अवतार: डोळे, तोंड आणि केस वेगवेगळ्या थरांत कसे काढायचे

माझी मामेबहीण सांगलीत राहते आणि रात्री ऑनलाइन बुद्धिबळाचे डाव लाइव्ह खेळते. खेळता खेळता प्रत्येक चालीमागचा विचार मराठीत सांगते. स्वतःचा चेहरा दाखवायचा नाही, हे तिचं पक्कं आहे. पण पटामागून नुसता आवाज यावा, हेही तिला पटत नव्हतं. म्हणून तिच्या फोटोवरून तिच्यासारखाच दिसणारा, चित्रातला चेहरा करून द्यायचं ठरलं. ती बोलली की त्याचं तोंड उघडेल, तिनं डोळे मिटले की त्याचे मिटतील आणि मान वळली की वेणी मागून झुलेल. हा अवतार करताना मी जे शिकले ते तुम्हाला पायरीपायरीनं सांगते.

आधी एकूण वाट कशी आहे ते बघू. फोटोवरून चित्र काढायचं, त्याचे भाग वेगवेगळ्या थरांत ठेवायचे आणि सगळं मिळून एक पीएसडी फाइल करायची. ती फाइल लाइव्हटूडी क्युबिझममध्ये जाते. तिथे प्रत्येक भागावर जाळी बसते आणि त्याला हालचाल मिळते. यालाच रिगिंग म्हणतात. तयार झालेला अवतार व्हीट्यूब स्टुडिओ कॅमेऱ्याच्या मदतीनं हलवतो आणि तिथून ओबीएस त्याला लाइव्हवर नेतो. हा लेख मुख्यतः पीएसडी तयार होईपर्यंतचा आहे, कारण नवख्याचा अवतार बिघडतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

कसा बिघडतो, ते माझ्याच पहिल्या प्रयत्नातून दाखवते. मी तिचा फोटो घेतला आणि त्यातलेच केस, डोळे, ओठ कापून वेगळे थर केले. स्थिर असताना चित्र सुरेख दिसत होतं. मान डावीकडे वळवली मात्र, कपाळावरची बट सरकली आणि तिच्या जागी भोक दिसायला लागलं. शेजारी बटेची सावली होती, ती कपाळाला तशीच चिकटून राहिली. डोळा मिटायला गेले, तर मिटलेल्या पापणीची कातडी फोटोत कुठेच नव्हती. फोटोत चेहऱ्याचा फक्त वरचा, दिसणारा पापुद्रा असतो. अवतार हलला की त्याखालचं सगळं उघडं पडतं, म्हणून बटेमागचं कपाळ, पापणीमागचं बुबुळ, ओठांमागचे दात आपल्याला स्वतः रंगवावे लागतात. पुढची प्रत्येक पायरी याच कामाची आहे. त्यासाठी फोटो कापू नका, तो खाली ठेवून त्यावर गिरवा. आकार आणि रंग फोटोतून घ्या, थर मात्र कोऱ्या जागेवर नव्यानं रंगवा.

एक नाही, पाच फोटो

फोटो स्वतःचा किंवा ज्याची स्पष्ट परवानगी आहे अशा माणसाचाच घ्या. फोन डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला लावा आणि माणसाला दीड ते दोन मीटर लांब बसवून झूम करा. फोन जवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि तोच बिघाड चित्रात उतरतो. समोर खिडकी असावी, पण थेट ऊन नको. चष्मा काढून ठेवा, कारण काचेतली चमक आणि काडीची सावली दोन्ही डोळ्यांच्या रेषा खातात.

मग जागेवरून न हलता पाच फोटो घ्यायचे. पहिला नेहमीच्या केशरचनेत, तोंड सहज मिटलेलं. दुसरा केस पूर्ण मागे घट्ट बांधून, म्हणजे कपाळ, केसांची रेषा आणि कान मोकळे दिसतील. तिसरा डोळे मिटून. चौथा ‘आ’ म्हणताना आणि पाचवा ‘ई’ म्हणताना. आपल्या कामाचे नकाशे हेच. मिटलेल्या डोळ्याची रेषा कुठे बसते, हे अंदाजानं काढलं की डोळा मिटताना भुवईच्या दिशेनं चढलेला दिसतो. तिसरा फोटो समोर असला की कळतं, वरची पापणी जवळजवळ खालच्या पापणीपर्यंत उतरते आणि तिची कमान उलटी, खाली झुकलेली होते.

कागद आणि मापं

चित्र काढायला मी क्रिटा हा प्रोग्रॅम वापरते. ते फुकट आहे, पीएसडी लिहितं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. नवीन कागद २६०० × ३२०० पिक्सेलचा घ्या. रंगपद्धत आरजीबी, ८ बिट, प्रोफाइल साधं एसआरजीबी. चित्र छातीपर्यंतचं असू द्या आणि चेहऱ्याची रुंदी साधारण ९०० पिक्सेल ठेवा. लाइव्हच्या कोपऱ्यात हा चेहरा तीनशे-चारशे पिक्सेलचाच दिसणार असतो, त्यामुळे याहून मोठं काढून फक्त फाइल जड होते.

फोटो सगळ्यात खाली ठेवून अर्धा फिका करा. मान थोडी कललेली असेल तर फोटो फिरवून नाकाची रेषा उभी सरळ आणा. चेहरा मधोमध सरळ नसेल, तर पुढे तो डावी-उजवीकडे सारखा वळत नाही.

इथे माझं एक मत सांगते. डोळे फोटोतल्यापेक्षा साधारण पाव हिश्शानं मोठे काढा. ९०० पिक्सेलच्या चेहऱ्यात खरा डोळा सुमारे १८० पिक्सेल रुंद येतो. तो कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत गेला की पापणी लवलेली कुणाला दिसतही नाही. मी बहिणीचे डोळे २२५ पिक्सेलचे केले आणि बुबुळ ९० चं. ओळख भुवया, हनुवटी आणि केसांवरून टिकते, तेवढ्या बदलानं ती जात नाही.

त्वचेचे तीनच रंग पुरतात: मूळ, सावलीचा आणि उजेडाचा. मूळ रंग गालावरून उचला. कपाळावर आणि नाकावर तेलकट चमक असते, तिथून घेतला तर सगळा चेहरा फिका पडतो. माऊसनं काढत असाल, तर क्रिटाच्या ब्रशला `Stabilizer` लावा, रेषेची थरथर बरीच जाते.

थरांची यादी

गिरवायच्या आधीच रिकामे थर करून त्यांना नावं द्या. नावं रोमनमध्ये, छोटी आणि प्रत्येक वेगळं. `L` आणि `R` म्हणजे अवताराचा स्वतःचा डावा-उजवा, पाहणाऱ्याचा नव्हे. एकदा ठरवलं की सगळीकडे तेच पाळा. माझी यादी वरून खाली अशी होती:

```
hair_front_L
hair_front_R
hair_side_L
hair_side_R
hair_cap
glasses_front
glasses_arm_L
glasses_arm_R
tikli
brow_L
brow_R
[eye_L]  lash_up_L, fold_L, lash_low_L,
         shine_L, iris_L, white_L
[eye_R]  lash_up_R, fold_R, lash_low_R,
         shine_R, iris_R, white_R
nose
[mouth]  lip_up, lip_low, teeth_up,
         tongue, mouth_in
hair_shadow
face
ear_L
ear_R
ribbon
braid
body
neck
hair_back
```

चौकोनी कंसातले गट आहेत. एकूण थर ३८. क्युबिझमच्या फुकट आवृत्तीत १०० तुकडे चालतात, म्हणजे आपण बरेच आत आहोत. पहिल्याच अवतारात ऐंशी-नव्वद थर करायच्या फंदात पडू नका. प्रत्येक थराला पुढे जाळी लावायची, हलवायचं आणि तपासायचं काम असतं.

यातला `face` थर आधी पूर्ण करा. दुसरा फोटो, म्हणजे केस मागे बांधलेला, वर आणून त्यावरून कपाळाची पूर्ण कड गिरवा. या थरावर डोळे नाहीत, भुवया नाहीत, ओठ नाहीत. डोळ्यांच्या जागी सरळ त्वचेचा रंग येतो. नवख्यांना हे विचित्र वाटतं, पण डोळा मिटल्यावर जी पापणीची कातडी दिसते ती हीच. मान हनुवटीमागे निदान १५० पिक्सेल वर चढवा, नाहीतर चेहरा वर उचलला की डोकं मानेवरून सुटलेलं दिसतं.

डोळा

सगळ्यात जास्त वेळ याच्यावर द्या. लोक बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतात आणि इथली चूक लगेच दिसते.

फोटोत बुबुळ कधीच पूर्ण दिसत नाही. त्याचा वरचा भाग पापणीखाली असतो, कधी खालची कडाही. `iris_L` वर मात्र ते पूर्ण गोल काढा, मधल्या बाहुलीसकट. आता वाटेल की बुबुळ डोळ्याच्या आकाराबाहेर, पापणीवर आणि कातडीवर आलंय, खोडून टाकावं. खोडू नका. क्युबिझममध्ये बुबुळाला सांगता येतं की जिथे डोळ्याचा पांढरा भाग आहे तिथेच दिस. मग अवतार खाली बघतो तेव्हा बुबुळाचा लपलेला वरचा भाग आपोआप पुढे येतो. क्रिटातच कापून टाकलं असेल, तर खाली बघताना बुबुळाच्या डोक्यावर सपाट कापलेली कड दिसते. गोल बुबुळ आणि सपाट बुबुळ यातला फरक स्थिर चित्रात शून्य असतो, म्हणून तो सुटतो.

`white_L` पूर्ण पांढरा नको. त्यात किंचित राखाडी आणि किंचित त्वचेचा रंग मिसळा, आणि वरच्या कडेला पापणीची हलकी सावली याच थरावर रंगवा. त्याची कड वरच्या आणि खालच्या पापणीरेषेखाली दहाएक पिक्सेल आत गेलेली असावी. ती रेषेला टेकून थांबवली, तर डोळा हलताना मध्ये त्वचेची बारीक फट चमकते.

वरची पापणीरेषा `lash_up_L` ही डोळा मिटताना सगळ्यात जास्त प्रवास करते आणि मिटलेल्या डोळ्याची रेषाही तीच होते. ती मध्यभागी निदान बारा पिक्सेल जाड हवी. मिटताना पांढरा भाग दबून दबून बारीक पट्टीसारखा होतो आणि या रेषेमागे लपतो. रेषा केसासारखी बारीक असेल, तर त्याला लपायला जागाच उरत नाही आणि मिटलेल्या डोळ्यात पांढरा दोरा दिसतो. बहिणीच्या अवतारात मला हे दुसऱ्या दिवशी दिसलं. उपाय फक्त रेषा सात पिक्सेलवरून तेरावर नेणं एवढाच होता. सुट्या पापण्यांचे केस या रेषेतच जोडून काढा, वेगळे थर करू नका.

`fold_L` म्हणजे पापणीवरची घडी. `shine_L` म्हणजे बुबुळावरचा प्रकाशाचा ठिपका. तो वेगळा ठेवायचा, कारण बुबुळ फिरलं तरी खिडकीचा उजेड जागेवरच असतो. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला काढा. एक डोळा पूर्ण झाला की गट उचलून, आडवा उलटवून दुसऱ्या बाजूला ठेवता येतो, फक्त ठिपका परत मूळ बाजूला आणा आणि थरांची नावं बदला. मग फोटोशी ताडून दुसऱ्या डोळ्याची कड थोडी हलवा. कुणाचेच दोन डोळे अगदी सारखे नसतात, आणि तेवढ्या फरकानं चेहरा त्या माणसाचा वाटायला लागतो.

तोंड

तोंड मिटलेलं काढावं की उघडं, यावर वेगवेगळे लोक वेगळं सांगतात. फोटोवरून करताना मी उघडंच काढते. मिटलेली रेषा ताणून मोठं तोंड केलं की ओठांचे पिक्सेल ओढले जाऊन रंग विसविशीत होतो, पण उघडं तोंड दाबून मिटवलं तर काही बिघडत नाही. म्हणून चौथा, ‘आ’चा फोटो खाली घ्या. फक्त त्याची हनुवटी वापरू नका, कारण तोंड उघडल्यावर ती खाली गेलेली असते. हनुवटी पहिल्याच फोटोची.

सगळ्यात खाली `mouth_in`: तोंडाच्या आतला गडद भाग. काळा नको, जांभळट तपकिरी घ्या. त्यावर जीभ, त्यावर वरचे दात. दात एक सलग पांढरट पट्टी म्हणून काढा, मधल्या फटी काढल्या तर लहान चित्रात त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पट्टी तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांच्या पलीकडे जाईल इतकी रुंद असू द्या. बुबुळासारखंच, दात आणि जीभ पुढे `mouth_in` च्या आतच दिसतील अशी सोय होते.

वरचा आणि खालचा ओठ वेगळे, आणि दोघांची टोकं कोपऱ्यात एकमेकांवर आलेली. माझं तोंड ३२० पिक्सेल रुंद होतं आणि उघडल्यावर ११० उंच. ओठांची आतली कड `mouth_in` वर आठ-दहा पिक्सेल चढलेली ठेवा. इथे काय चुकतं ते लवकर कळतं: मिटलेल्या तोंडाच्या कोपऱ्यात गडद ठिपका राहिला, तर समजायचं की ओठांची टोकं आखूड पडलीत. पाचवा, ‘ई’चा फोटो आत्ता लागत नाही. रिगिंगमध्ये ओठ आडवे किती ताणायचे, हे ठरवताना तो समोर ठेवायचा.

केस

फोटोतले सुटे केस एकेक करून काढायच्या मागे लागू नका. डोळे बारीक करून फोटोकडे बघा, म्हणजे केसांचे मोठे झुपके दिसतील. बहिणीचा भांग मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी एकेक बट कपाळावर येते, कानांपुढे थोडे केस सुटतात आणि बाकी सगळे मागे वेणीत. एवढेच झुपके, तेवढेच थर.

प्रत्येक झुपका मुळापासून काढा. म्हणजे कपाळावरची बट जिथून दिसायला लागते तिथून नव्हे, तर भांगापासून, वरच्या केसांखालून आलेली. मूळ लपलेलं असतं, पण बट झुलते तेव्हा तिचं वरचं टोक उघडं पडायला नको. दोन्ही बटा भांगाशी भेटतात तिथे फट पडण्याची हमखास भीती असते. त्यासाठी मी `hair_cap` हा थर ठेवते: डोक्यावर टोपी घातल्यासारखा केसांचा सपाट रंग, त्यावरच भांगाची रेषा. तो डोक्याबरोबर हलतो, झुलत नाही. बटा कितीही सरकल्या तरी खाली केसच दिसतात.

`hair_shadow` हा बटांची कपाळावरची सावली आहे. ती `face` वर रंगवायची नाही, हेच माझ्या पहिल्या प्रयत्नात चुकलं होतं. वेगळी असली की बटेबरोबर सरकवता येते. `Multiply` हा मिश्रणप्रकार लावून सावली करायची सवय असते, पण इथे साध्या मिश्रणात, त्वचेच्या गडद रंगानंच काढा. तशी केली की पुढच्या प्रोग्रॅममध्ये ती क्रिटात दिसली तशीच दिसते.

वेणी एकाच थरात, खांद्यावरून पुढे आलेली. पेड न् पेड वेगळा करायचा मोह मलाही झाला होता. त्याची गरज नाही, जाळी लावल्यावर एकच लांब तुकडा दोरीसारखा वाकतो. टोकाची रिबीन मात्र वेगळी, ती वेणीपेक्षा किंचित उशिरा हलली की जड वाटते. वेणीमागचा कुर्ता पूर्ण रंगवायला विसरू नका.

टिकलीचा थर वेगळा, कारण कपाळाला गोलाई असते आणि मान वळताना मधली वस्तू कडेपेक्षा जास्त सरकते. चष्म्याच्या काड्या फ्रेमपासून वेगळ्या ठेवल्या, म्हणजे डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूची काडी आखूड करता येते. काडीचं मागचं टोक बाजूच्या केसांखाली जातं.

ढकलून बघा

रिगिंगला बसण्याआधी क्रिटातच अर्धा तास द्या. यानं पुढचे कित्येक तास वाचतात. फाइलची एक प्रत करा, सगळ्यात खाली भडक गुलाबी रंगाचा थर टाका आणि एकेक भाग हातानं ढकला.

दोन्ही पुढच्या बटा ६० पिक्सेल डावीकडे, मग उजवीकडे. बुबुळं ३५ पिक्सेल चारी दिशांना. डोळे, भुवया, नाक, तोंड, टिकली एकत्र धरून ४० पिक्सेल बाजूला. मानेच्या वरचं सगळं ५० पिक्सेल बाजूला आणि तेवढंच वर. डोळ्याचा पांढरा भाग उंचीनं दहा टक्क्यांवर दाबा आणि वरची पापणीरेषा त्यावर उतरवा. तोंडाचा आतला भागही तसाच दाबा आणि ओठ जवळ आणा. जिथे गुलाबी रंग डोकावेल किंवा त्वचा दिसायला नको तिथे दिसेल, तिथे काहीतरी रंगवायचं राहिलंय. मूळ फाइलमध्ये जाऊन ते भरा. माझ्या बाबतीत तीन ठिकाणं निघाली: कानामागची जागा, वेणीखालचा खांदा आणि डाव्या बाजूच्या केसांचं मूळ.

गुलाबी थराचा आणखी एक उपयोग आहे. केसांच्या कडेला फिकट पांढरी झालर दिसली, तर अर्धपारदर्शक कडेत मागचा रंग मिसळलाय. थराची पारदर्शकता कुलूपबंद करून कडेवरून केसांच्याच रंगाचा ब्रश फिरवा, झालर जाते.

शेवटी प्रत्येक थरावर `Select Opaque` करून बघा. थरावर जिथे जिथे रंग आहे तिथे निवडीची रेषा उमटते. नाकाच्या थरावर लांब कोपऱ्यात एखादा चुकार ठिपका पडलेला असेल तर तो इथे सापडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण क्युबिझमच्या दृष्टीनं नाकाचा तुकडा कागदाएवढा मोठा होतो आणि सगळी जागा खातो.

पीएसडी बाहेर काढणं

कामाची फाइल `avatar_work.kra` कायम जपा, त्यात रेषा आणि रंग वेगळे राहू द्या. तिची प्रत करून प्रत्येक भागाची रेषा, रंग, सावली एकत्र करा, म्हणजे एक भाग, एक थर. मास्क, फिल्टर, वेक्टर आणि `Inherit Alpha` वापरलं असेल तर तेही थरात मुरवून टाका. थराची अपारदर्शकता १०० टक्के, मिश्रण साधं. फोटो आणि गुलाबी थर काढा आणि `avatar_import.psd` नावानं साठवा. ही फाइल क्रिटात पुन्हा उघडून बघा. एखादी सावली गायब किंवा गडद झाली असेल, तर ती मुरवायची राहिलीय.

क्युबिझममध्ये फाइल ओढून टाकली की थरांचे तुकडे होतात. सगळ्यात आधी बुबुळ आणि ठिपक्याच्या `Clipping` चौकटीत त्या त्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा आयडी भरा, आणि दात-जिभेसाठी `mouth_in` चा. मग आपोआप जाळी लावून `ParamEyeLOpen` आणि `ParamMouthOpenY` या दोन पॅरामीटरवर डोळा आणि तोंड मिटवून बघा. मान वळवण्याकडे इतक्यात जाऊ नका. डोळा आणि तोंड नीट मिटत असतील, तर थर बरोबर पडलेत.

फुकट आवृत्तीत सगळे तुकडे २०४८ × २०४८ च्या एकाच पानावर बसवावे लागतात. आपल्या कागदाचे तुकडे तिथे पूर्ण आकारात मावत नाहीत, साधारण सत्तर टक्क्यांवर आणावे लागतात. सगळे सारखे लहान करू नका. मागचे केस, कुर्ता आणि मान निम्म्यावर आणा आणि डोळे-तोंड पूर्ण ठेवा. कुर्त्याची धूसर कड कुणी बघत नाही.

तयार मॉडेल व्हीट्यूब स्टुडिओत उघडा, तिथली पार्श्वभूमी पारदर्शक करा, मग ओबीएसमध्ये घेताना `Game Capture` निवडा आणि `Allow Transparency` वर खूण करा, म्हणजे मागची पार्श्वभूमी जाते. बहिणीनं पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून फक्त “आई, चहा ठेव गं” एवढंच वाक्य दहा वेळा म्हटलं. ‘आ’ ला तोंड छान उघडत होतं, ‘ठेव’ ला मात्र खालचा ओठ डाव्या कोपऱ्यात सुटत होता. क्रिटात `lip_low` चं टोक बारा पिक्सेल लांबवलं, पीएसडी पुन्हा त्याच नावांनी साठवून क्युबिझममध्ये परत घेतली. थरांची नावं तीच असल्यानं रिगिंग जागच्या जागी राहिलं, आणि त्याच रात्री ती डाव खेळायला बसली.